घरचे सूत, बाजारचा भाव

इचलकरंजी परिसरातल्या एका कापड उद्योगात मी कॉस्ट अकाउंटंट होतो. आमचा गिरणी विभाग ३२ नंबरचे कार्डेड सूत काढत असे, आणि विक्री विभाग ते खर्चीवाल्या यंत्रमागधारकांकडून मजुरीवर विणून घेऊन कापड विकत असे. दोन्ही विभागांचा नफा वेगळा मोजला जाई, पण सूत मात्र पूर्ण उत्पादनखर्चाला, म्हणजे किलोला २४० रुपयांना दिले जाई.

एकदा विक्री विभागाने २० टन सुताच्या कापडाची ऑर्डर घेतली. सायझिंग, मजुरी आणि इतर खर्च वजा जाता किलोमागे २४३ रुपये हाती येत होते, म्हणून त्यांच्या खात्यात ६०,००० रुपयांचा नफा दिसला. त्याच आठवड्यात बाजारात त्याच सुताचा भाव २५० होता. दलाली आणि वाहतूक यांचे ३ रुपये सोडले, तरी गिरणीला बाहेर २४७ मिळाले असते. नफ्याची दिसणारी ती ऑर्डर कंपनीला किलोमागे ४ रुपयांनी, म्हणजे एकूण ८०,००० रुपयांनी महागात पडली होती, आणि कोणत्याही खात्यात हा तोटा नोंदला गेला नव्हता.

हा हिशेब मी बैठकीत मांडला, तेव्हा विक्री व्यवस्थापकांनी विचारले, "घरचेच सूत आम्ही बाजारभावाने का घ्यायचे?" त्यांची शंका रास्त होती, कारण त्यांच्या विभागाचा दिसणारा नफा घटणार होता. मी त्यांना एवढेच म्हणालो की सूत बाहेर विकले जाऊ शकते तोवर त्याची किंमत आपल्या खर्चाने ठरत नाही, ते बाहेर न विकल्याने जे गमावले जाते त्याने ठरते.

खरी अडचण पुढेच आली. बाहेरून सूत घ्यायला विक्री विभागाला वाहतुकीसह २५१ पडत होते. मग दर २४७ ठेवायचा की २५१? मध्य गाठून २४९ ठेवावा असे बहुतेकांचे मत होते. ते न्याय्य वाटले, तरी मला पटले नाही. कारण गिरणीचे उरलेले सूत बाहेर जात असताना २४८ देणारी ऑर्डर कंपनीच्या फायद्याची असते, आणि २४९ च्या दराने ती नाकारली जाते. म्हणून गिरणीकडे सूत उरत असेल तेव्हा २४७, आणि कंपनीला बाहेरून सूत घ्यावे लागत असेल तेव्हा २५१, असे ठरले.

भाव कोणाचा धरायचा यावरही वाद झाला. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असतो, म्हणून त्याच नंबरच्या आणि त्याच दर्जाच्या सुताचा रोखीचा भाव तीन दलालांकडून दर सोमवारी घेऊन त्यांतला मधला धरू लागलो. मासिक सरासरी मी मुद्दाम टाळली. भाव घसरत असताना ती विक्री विभागाला शिळ्या, चढ्या दराने बांधून ठेवते.

पुढे कापूस महागला आणि गिरणीने तिसरी पाळी बंद केली. दर २५१ च्या नियमावर गेला, आणि कमी पडणारे सूत विक्री विभागाने बाहेरून घेतले.