७२ की ३००?

“वेबसाठी ७२ डीपीआय आणि प्रिंटसाठी ३००, एवढं केलं की झालं ना? मग माझे फोटो वेबवर फिके का दिसतात?”

आधी त्या ७२ चं बघू. ब्राउझर हा आकडा वाचतच नाही, तो फक्त पिक्सेल मोजतो. ६००० × ४००० पिक्सेलचा फोटो ७२ लिहून पाठवा किंवा ३०० लिहून, दिसणार सारखाच आणि फाइलही तेवढीच जड. वेबसाठी लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास आणा, शार्पनिंग त्यानंतर करा आणि जेपेगची क्वालिटी ७५ ते ८० ठेवा. निरभ्र आकाश असेल तर सेव्ह केलेली फाइल १०० टक्क्यांवर उघडून बघा. जेपेग फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतो, आणि कॉम्प्रेशन जास्त झालं की ते आधी आकाशात दिसू लागतात. तसं झालं तर क्वालिटी थोडी वाढवून मूळ फाइलमधूनच पुन्हा एक्स्पोर्ट करा. जेपेगवरून जेपेग काढू नका, दर वेळी तपशील आणखी झडतो.

फिकेपणाचं कारण मात्र बहुतेक वेळा कलर स्पेस असतं. गडद लाल फुलाचा फोटो घ्या. एसआरजीबीत २५५, ०, ० असलेला लाल अडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. रंग तोच, मोजपट्टी वेगळी. ती मोजपट्टी कोणती हे सांगतो फाइलमधला प्रोफाइल. तो गळाला की ब्राउझर साधारणपणे एसआरजीबी गृहीत धरतो, २१९ ला आपल्या पट्टीवर वाचतो आणि फूल मरगळतं. म्हणून वेबसाठी एसआरजीबीत रूपांतर करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Convert to Profile` वापरायचं. `Assign Profile` आकडे तसेच ठेवून नुसती पट्टी बदलतं, म्हणजे तोच बिघाड आपल्या हातानं होतो.

प्रिंटला ३०० चा अर्थ खरा आहे, पण तो कागदाच्या मापासकट. १२ × १८ इंचांसाठी ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. आपल्या फोटोची लांब बाजू ६००० आहे, म्हणजे इंचाला ३३३ पिक्सेल पडतात. इथे फोटो मोठा करायची गरजच नाही. २४ × ३६ ला तेच १६७ होतात, आणि भिंतीवर लांबून बघायच्या प्रिंटला तेही चालतात. हातात धरून बघायच्या अल्बमला नाही.

प्रिंटसाठी क्वालिटी कमाल ठेवा. कलर स्पेस लॅबला विचारूनच ठरवा. बऱ्याच लॅब एसआरजीबीच मागतात, आणि तिथे अडोबी आरजीबी दिली तर वर सांगितलेलं फूल कागदावरही मरगळू शकतं. सीएमवायकेत स्वतःहून बदलू नका. छापखान्यानं त्या कागदाचा आणि शाईचा प्रोफाइल दिला तरच ते रूपांतर अर्थपूर्ण ठरतं, आणि एकदा कापले गेलेले रंग परत आणता येत नाहीत.

प्रिंट फिकी नसून काळपट आली, तर मात्र आधी स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. तो फार चढवलेला असेल तर एक्स्पोर्टचं कोणतंही सेटिंग त्याची भरपाई करणार नाही.