अजून किती किलोमीटर

«उशीर होतोय एवढं कळवलं की झालं ना? किती किलोमीटर राहिले, कुठून किती वेळ लागेल, हे सगळं यजमानांना कशाला लिहून पाठवतोस?»

पुरत नाही म्हणून. «उशीर होतोय» वाचून समोरच्याला काय करता येतं? दार उघडं ठेवायचं की अंग टाकायचं, जेवून घ्यायचं की थांबायचं, यातलं काहीच त्यातून ठरत नाही. ते ठरतं घड्याळातल्या वेळेवरून. आणि ती वेळ मी पूर्वीही कळवायचो, किलोमीटर मोजूनच कळवायचो. तरीही चुकलो.

मावशीकडे निघालो होतो. एकूण २४० किलोमीटर. साडेसहाला १५० संपले होते आणि तेवढ्याला अडीच तास लागले होते, म्हणजे ताशी ६० ची सरासरी. राहिले ९०, म्हणजे दीड तास. गाडी बाजूला घेऊन मेसेज केला: «उशीर होतोय. आठपर्यंत पोहोचतो. जेवायला एकत्रच बसू.»

हिशोबात बेरीज-भागाकाराची चूक नव्हती. कित्येक दिवस मी याच मुद्द्यावर अडून बसलो होतो, की सरासरी खरी होती, मी मनाने काही लावलं नव्हतं. पण ती सरासरी मागच्या रस्त्याची होती आणि मला जायचं होतं पुढच्या रस्त्याने. मागचे १५० जवळजवळ सगळे महामार्गावरचे. पुढच्या ९० पैकी महामार्ग होता फक्त ४०. त्यानंतर ३५ किलोमीटर दुपदरी रस्ता, जिथे एका ट्रकच्या मागे अडकलं की ताशी ४२ मिळाले तरी खूप. शेवटचे १५ वळणांचे, अरुंद, अंधारातले. तिथे २५ च्या वर कोणी जात नाही. रस्ता मला पाठ होता. म्हणून तर नकाशा उघडून बघितला नाही, आणि पाठ असूनही मोजताना तो सपाट धरला.

आता मांडतो तसं तेव्हा मांडलं असतं तर? ४० ला अर्धा तास, ३५ ला पन्नास मिनिटं, शेवटच्या १५ ला छत्तीस. पेट्रोलला थांबायचं होतं, ती बारा मिनिटं मी धरलीच नव्हती. सगळे मिळून दोन तास आठ मिनिटं, म्हणजे आठ अडतीस. निम्म्याहून कमी अंतर महामार्गाचं आणि त्याला वेळ जेमतेम पाव. शेवटचे १५ किलोमीटर अंतराचा सहावा भाग, पण वेळ खाणार चौथ्या भागाहून जास्त. किलोमीटर सारखे असतात, त्यांना लागणारी मिनिटं सारखी नसतात. म्हणून पुढचं हळू अंतर मागच्या वेगवान रस्त्याच्या सरासरीने भागलं की उत्तर लवकरचं येतं.

मावशी इन्शुलिन घेते. तिचं इंजेक्शन जेवणाआधी अर्धा तास असतं, आणि मग जेवण लांबलं तर रक्तातली साखर उतरते. माझा «आठ» धरून तिने साडेसातला घेतलं.

सात पन्नासला माझ्या लक्षात आलं की आठ काही जमत नाही. २३ किलोमीटर राहिले होते. थांबून घाईघाईत लिहिलं: «आलोच, वीस मिनिटं.» दुसऱ्यांदा तीच चूक, आणि वर एक नवी. तिथे रेंज नव्हती. मेसेज मावशीकडे पोहोचला आठ वाजून पाच मिनिटांनी. तिने वाचल्यापासून वीस मिनिटं मोजली. माझ्या मनातलं आठ दहा तिच्यासाठी आठ पंचवीस झालं, आणि आता आलाच आहे तर थांबू या, म्हणून तिने ताट वाढून घेतलं नाही. पहिला मेसेज चुकला होता, तरी आठला मी दिसलो नाही म्हटल्यावर ती जेवली असती. त्या «आलोच» ने तिला थांबवलं.

मी आठ अडतीसला पोहोचलो. दार उघडंच होतं. मावशी खुर्चीत बसलेली, कपाळावर आणि ओठांवर घाम, पदर ओला. काका तिच्या तोंडाशी साखरेच्या पाण्याचा पेला धरून होते. तिच्या हातात दिला असता तर सांडला असता, इतका हात थरथरत होता. मला बघून ती हसायला गेली आणि तिला माझं नाव पटकन आठवेना. पंधरा-वीस मिनिटांनी ती सावरली, मग जेवली. म्हणाली, «तू आठ म्हणालास ना रे.» तक्रार नव्हती, ती नुसतं सांगत होती.

तिनेच खाऊन घ्यायला हवं होतं, असं पुढे मला अनेकांनी समजावलं. मीही स्वतःला ते सांगून बघितलं. खरं आहे ते. पण «एकत्रच बसू» मीच लिहिलं होतं.

तेव्हापासून थांबून, रस्त्याचे तुकडे पाडून वेळ काढतो. नकाशातली वेळ बघतो. पुढची गर्दी नकाशाला माझ्याहून चांगली कळते. पण मी कुठे थांबणार हे त्याला माहीत नसतं, ते माझं मी मिळवतो. आणि मेसेज असा जातो: «आत्ता ६:३० झालेत. ९० किमी राहिले, शेवटचे १५ हळू रस्त्याचे. ८:४५ धरा. जेवून घ्या.» पाठवल्याची वेळ लिहितो, कारण मेसेज कधी पोहोचेल ते माझ्या हातात नाही. मिनिटं लिहीत नाही, घड्याळातली वेळ लिहितो. ती कधीही वाचली तरी तीच राहते. किलोमीटर लिहितो ते यासाठी, की रस्ता माहीत असलेल्या यजमानाला माझा हिशोब तपासता यावा. काकांनी तेव्हा «अजून २३ किमी» वाचलं असतं, तर वीस मिनिटांत हा येत नाही हे त्यांना लगेच कळलं असतं.

«एवढं लिहिण्यापेक्षा गाडी दामट की जरा,» असंही म्हणता तुम्ही. त्या महामार्गाच्या ४० किलोमीटरवर ८० ऐवजी १०० ने गेलो असतो तर वाचली असती सहा मिनिटं. पुढच्या वळणांवर तर काहीच नाही. अडतीस मिनिटांचा उशीर तसा भरून निघत नाही.

एक मात्र मला अजून सुटलेलं नाही. हल्ली मी वेळ थोडी पुढचीच देतो, आणि मध्ये एकदा ८:४५ सांगून ८:२० लाच दारात उभा राहिलो. यजमान आंघोळीला गेलेले, घरात धावपळ. म्हणजे तेही खोटंच सांगणं झालं. «साडेआठ ते पावणेनऊ» असं लिहून बघितलं, तर लोक त्यातलं साडेआठच धरतात. मावशीला विचारलं, तुला कसं बरं पडेल. ती म्हणाली, उशिराचीच वेळ दे, लवकर आलास तर बसशील. बाकीच्यांना ते चालेल का, मला माहीत नाही. तिला मात्र मी तसंच लिहितो, आणि खाली «जेवून घे» लिहिल्याशिवाय गाडी सुरू करत नाही.