पंपू हत्तीची उशी आणि आमची चिऊ

चिऊला दोन वर्षं पूर्ण झाली तेव्हापासून तिला आवाजांचं वेड लागलं. आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. उन्हाळ्यात सोलापुरात रात्री खोलीत झोपवत नाही, म्हणून आम्ही गच्चीवर अंथरूण टाकतो. रात्रपाळी चालू असली की खटाक्-खट ऐकू येतं आणि ही उठून बसून त्याची नक्कल करते. तयार गोष्टी तिला लांबलचक व्हायच्या, मग मीच एक रचायला घेतली. झोपेनं डोळे जड झालेला हत्ती, आणि त्याची उशी काही सापडत नाही.

नाव पंपू ठेवलं. या वयात प, ब, म ही ओठांची अक्षरं मुलांच्या तोंडी लवकर बसतात, र, ळ आणि जोडाक्षरं मागाहून येतात. चिऊला म्हणता येईल असंच सगळं हवं होतं, म्हणून ध्रुवपद असं झालं:

पंपू चालला बम् बदा बम्,
सोंड हलली फूं फूं फूं,
उशी गं उशी, कुठं गेलीस तू?

यानंतर मी थांबते, आणि ती जागा चिऊची. आधी ती नुसती तोंडाकडे बघायची, आता मान हलवून “नाईऽऽ” म्हणते. ध्रुवपदातला एक शब्दही बदलायचा नाही. बदलला तर ती गोष्ट अडवते आणि पुन्हा म्हणायला लावते.

पंपू तीनच ठिकाणी शोधतो. माठामागं डुबुक डुबुक. शेंगांच्या पोत्याआड खुळखुळ. मग चादरींची चवड. एक मोराची चादर ओढली, एक फुलांची ओढली, आणि धपाक्! अख्खी चवड अंगावर.

उशी हरवली हे ऐकून एका रात्री चिऊचा ओठ थरथरायला लागला. दमलेल्या पोराला हरवण्याची गोष्ट खरी वाटते. तेव्हापासून मी सुरुवातीलाच तिची छोटी उशी माझ्या कानामागं धरते. पंपूचा कान एवढा मोठा की मागं अडकलेली उशी त्याला दिसतच नाही. चिऊला मात्र दिसते. ती बोट दाखवते, पंपू भलतीकडंच बघतो, आणि भीतीची जागा हसू घेतं.

पण हसू वाढलं की झोप पळते. पहिल्या रचनेत धपाक् झालं, कानामागची उशी खाली पडली, उशी सापडली, गोष्ट संपली. चिऊ ताडकन उभी राहून गादीवर उड्या मारायची. सासूबाई म्हणाल्या, “अगं, पोरीला झोपवतीस का नाचवतीस?” त्यांचं बरोबर होतं. सापडण्याचा आनंद सगळ्यात मोठा, आणि तो मी अगदी शेवटी ठेवला होता.

धपाक् काढून टाकणं शक्य नव्हतं, ती त्याचीच वाट बघते. म्हणून ते मधोमध आणलं आणि पुढं जवळपास तेवढीच गोष्ट जोडली. उशी बगलेत धरून पंपू आल्या वाटेनं परत निघतो, काही शोधत नाही, एकेकाला झोपवत जातो. चादरी झोपल्या. शेंगा झोपल्या. माठातलं पाणी झोपलं. दर वेळी चालणं कमी होत जातं:

पंपू चालला बम् बम् बम्...
पंपू चालला बम्... बम्...
पंपू आडवा. म्ऽऽऽऽ.

बम् म्हणताना ओठ उघडतात, नुसत्या म् ला तोंड मिटलेलं राहतं आणि श्वास लांबवर सुटतो. मी म् धरला की तीही धरते, पाठीवरच्या हाताला तिचा श्वास संथ झालेला कळतो. परतीच्या वाटेवर मी प्रश्न विचारत नाही, कारण प्रश्न आला की तिला उत्तर द्यावंच लागतं. काम होतंय की नाही ते तिच्या म् वरून समजतं. आधी जोरात, मग अर्धवट, मग येतच नाही. माठापाशी पोचूनही ती जोरात म्हणत असेल तर माझी घाई झालेली असते. मग तीच ओळ आणखी सावकाश म्हणते, नवं काही घालत नाही.

हे चिऊच्या बाबांना पटवायला वेळ लागला. त्यांनी शेवटाकडं हौसेनं मागाचं खटाक्-खट घातलं आणि पोरगी टक्क जागी. आता मागाचा आवाज घालायचाच तर चादरींच्या आधी घालायचा, असं ठरलंय.

कधी कधी सगळं होऊनही “पलत” असं फर्मान येतं. नाही म्हटलं तर भोकाड, आणि पहिल्यापासून सांगितली तर पुन्हा धपाक्. अशा वेळी मी सुरुवात करते ती उशी सापडल्यानंतरची: “पंपूनं उशी बगलेत धरली...” तिची काही तक्रार नसते.