आमची वाटचाल : पाइपपान्याचा तो दिवस

इंदूरला देवास नाक्यावर 2009 साली दुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढची तीन वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते 2012च्या मे महिन्याचं, दुकान बुडता बुडता राहिलं त्याचं.

माझा तेव्हाचा भागीदार हाताला जड. एका वॉशिंग सेंटरच्या प्रेशर वॉशरचा होज गनपासून सुटेना, म्हणून त्यानं दोन्ही जोडणाऱ्या कपलरच्या पितळी कॉलरला पाइपपाना लावला. कॉलर चेपली, प्लगला धरून ठेवणाऱ्या आतल्या गोळ्या जागीच रुतल्या. मग वर डिझेल ओतलं. आतली गळती रोखणारी ओ-रिंग ईपीडीएम रबराची होती, आणि ते रबर खनिज तेलानं फुगतं. कपलर कसाबसा सुटला, पण दुसऱ्या दिवशी सांध्यातूनच पिचकारी उडायला लागली. महिन्याभरात भागीदारानं समोर वेगळं दुकान थाटलं आणि ‘तिकडे कपलर तोडतात’ असं सांगत सुटला. तोडला कोणी, हे कुणी विचारलं नाही!

त्या पडत्या काळात ट्रक धुणारे एक काका तेवढे टिकले. अडकलेला कपलर घेऊन आले आणि म्हणाले, “माझ्यासमोर सोडव.”

मी मशीन बंद केलं, नळ बंद केला आणि पाणी यायचं थांबेपर्यंत ट्रिगर दाबून धरला. निम्मे कपलर इथेच सुटतात. होजमध्ये कोंडलेला दाब कपलरमध्ये बसलेल्या प्लगला बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गोळ्या प्लगच्या खाचेत घट्ट बसतात. काकांचा काही सुटला नाही. अशा वेळी आधी कॉलर हलवून बघावी. कॉलर सरकते पण प्लग निघत नसेल, तर प्लग ओ-रिंगला चिकटलाय. कॉलरच हलत नसेल, तर तिच्याखाली क्षार किंवा वाळू आहे. काकांकडे बोअरिंगचं पाणी, कॉलरच्या कडेला पांढरा थर स्पष्ट दिसत होता.

पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं. जुन्या टूथब्रशनं घासलं, हाताला सोसेल इतकं गरम पाणी ओतलं. ब्लो-लॅम्प कधीच नाही, रिंग जळते. मग लाकडी ठोकळ्यानं कॉलरला चहूबाजूंनी हलक्या टिचक्या दिल्या. आणि सगळे चुकतात ती गोष्ट: प्लग ओढला नाही, उलट आत दाबला. गोळ्यांवरचा भार गेला, तसं दुसऱ्या हातानं कॉलर मागे ओढली. खट्‌! सुटला.

रिंग सुईनं उचकटू नका, चरा पडतो. लाकडी टूथपिकनं काढा, पुसा, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. मात्र प्लगच्या खाचेत गोळ्यांचे खड्डे पडले असतील तर रिंग वाचवून उपयोग नाही, प्लग बदला.

काकांनी चाळीस रुपये दिले. मी घेतले.

समोरच्या दुकानातला पोरगा आजही पिशवीत अडकलेले कपलर घालून आणतो. “मालकांना सांगू नका हं, काका,” म्हणतो.