फलकासाठी सुविचार मागताना: माझा अनुभव

गिरगावातल्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी एक काळा फलक आहे. त्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडे आहे आणि सुविचार पुरवतात त्या मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका. "बाई, फलकासाठी चांगले सुविचार द्या ना" एवढंच म्हटलं, तर शाळेच्या प्रार्थनेला शोभतील असे सुविचार येतात. मागणीत चार गोष्टी नीट सांगितल्या, तर पहिल्याच दहांतले सहा-सात थेट फलकावर जातात.

आधी वाचक. "सगळ्यांसाठी" हे उत्तर निरुपयोगी, कारण त्यातून शब्द कोणते निवडायचे ते कळत नाही. त्याऐवजी फलक कधी आणि कसा वाचला जातो ते लिहावं. आमच्याकडे सकाळी सात ते नऊ ही वेळ. चर्नी रोडला लोकल पकडायला निघालेली माणसं चालता चालता नजर टाकतात, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं मात्र उभी राहून मोठ्यानं वाचतात. इमारतीत गुजराती आणि हिंदी बोलणारी घरंही आहेत. या तपशिलातूनच बाईंना कळतं की वाक्य एका नजरेत उमगायला हवं आणि मुलाच्या तोंडी अडखळायला नको.

लांबी शब्दांत सांगू नये, अक्षरांत सांगावी. फलक तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच. लांबून वाचता यावं म्हणून अक्षर दोन इंची ठेवलं, तर शब्दांमधली जागा धरून एका ओळीत बारा-तेरा अक्षरं बसतात. वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकू नयेत म्हणून ओळींत मोकळी जागा लागते. त्यामुळे तारखेची ओळ सोडून तीनच ओळी उरतात. "थेंबे थेंबे तळे साचे" ही आठ अक्षरं, एका ओळीत आरामात मावतात. जोडाक्षर मोजताना एक धरतात, पण व्य, त्स, म्य अशी जोडाक्षरं जास्त जागा खातात. म्हणून मी तीस अक्षरांची मर्यादा सांगतो आणि जोडाक्षरं कमी असावीत असंही लिहितो.

सगळ्यात जास्त गोंधळ भावाबद्दल होतो. "सकारात्मक", "प्रेरणादायी" या शब्दांत काहीही बसतं. मी क्रियापदाबद्दल सांगतो: "करा", "सोडा", "जाणा" असे शेवट नकोत. फाटकावरची आज्ञा ही कमिटीची सूचना वाटते, आणि मग ती कोणाला उद्देशून आहे याची चर्चा जिन्यात सुरू होते. पाणीकपातीच्या आठवड्यात "थेंबे थेंबे" लिहिलं तर ज्याच्या घरचा नळ गळतो त्याला तो टोमणाच वाटणार. म्हणून त्या आठवड्यात इमारतीत कशावरून वाद चालू आहे तेही मागणीत कळवावं, म्हणजे तो विषय टळतो. आणि एक जवळचा, एक लांबचा असे दोन नमुने द्यावेत. "वेळेवर निघालं की धावावं लागत नाही" हा हवासा. "वेळेचे महत्त्व जाणा, आळस सोडा" हा नको. विषय एकच, पण पहिल्यात कोणी कोणाला शिकवत नाही.

भाषेबद्दल "साधी मराठी" म्हणून भागत नाही. म्हण हवी, सुभाषित हवं की बोलण्यातलं वाक्य हवं, ते आधी ठरवावं. संस्कृत सुभाषित आलं की खाली अर्थ लिहावा लागतो आणि जागा संपते. हिंदी वाचणाऱ्यांना लिपी ओळखीची असल्यानं ते फलक वाचतातच, म्हणून "शिक्षा" आणि "चेष्टा" हे शब्द मी टाळायला सांगतो. हिंदीत त्यांचे अर्थ शिक्षण आणि प्रयत्न असे होतात.

सगळं मिळून मागणी अशी होते:

"बाई, पुढच्या आठवड्यासाठी दहा वाक्यं हवीत. वाचणारे: सकाळी घाईत निघालेली माणसं आणि पाचवी-सहावीची मुलं. भाव: हलका, आपुलकीचा, आज्ञा नको, पाण्याचा विषय नको. तीस अक्षरांच्या आत, दोन किंवा तीन ओळींत तुटेल असं. बोलण्यातली मराठी, म्हण चालेल. थोरांच्या नावाचं वचन असेल तर मूळ कुठलं तेही लिहा."

शेवटची अट महत्त्वाची आहे. फिरत्या सुविचारांखाली कोणाचंही नाव चिकटवलेलं असतं. मूळ सापडलं नाही तर मी ते वचन त्या नावानं लिहीत नाही.

एका वेळी दहाच मागावीत. पन्नास मागितली की साठवणीतली जुनी वाक्यंच येतात. दहा आली की "आवडली नाहीत" म्हणून परत न करता प्रत्येकापुढे कारण लिहावं: "लांब", "उपदेश", "मुलांना कळणार नाही". दुसऱ्या खेपेला बाई फक्त तेवढंच बदलतात, बाकीचं वाक्य तसंच राहतं.