म्युनिकच्या बाल्कनीतली गुढी

2025 चा पाडवा 30 मार्चला, रविवारी आला. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, म्हणजे लागेल ते सगळं शनिवारीच घरात यायला हवं होतं. त्यात नेमकी त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली.

काठी सहज मिळाली. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायला बागकामाच्या दुकानात बांबू ठेवतात, त्यातला पुरुषभर उंचीचा एक आणला. पण तो जेमतेम बोटाएवढा जाड, त्यावर तांब्या नुसता डुगडुगायचा. साताऱ्याहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, टोकाला आधी फडकं गच्च गुंडाळ. मग खण, डहाळी, गाठी बांध आणि तांब्या शेवटी उपडा घाल." साडीचं वजन त्या बांबूला झेपलं नसतं, म्हणून लग्नातला हिरवा खणच निऱ्या घालून बांधला.

खरी कसोटी गाठीची. एक वाटी साखरेत पाव वाटी पाणी घालून पाक केला. साचे म्हणून ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्यांचे साचे घेतले. त्यांना तूप लावलं आणि सगळ्या खळग्यांतून एकच दोरा फिरवला. पहिला पाक एकतारी होताच ओतला. तासाभरानंतरही तो चिकटच होता, दोरा उचलला की ओघळायचा. दुसऱ्या वेळी थेंब गार पाण्यात टाकून बघत राहिले. त्याची बोटांत मऊ गोळी वळली तेव्हा पातेलं खाली उतरवलं आणि घोटायला लागले. कडेचा पाक पांढरट दिसला की लगेच ओतायचं, जरा रेंगाळलं तर तो पातेल्यातच घट्ट होतो. या वेळी गाठी खणखणीत सुटली.

ताजा कडुनिंब काही मिळाला नाही. भारतीय दुकानातून वाळलेल्या पाल्याची पूड आणली आणि डहाळीच्या जागी फोर्सिथियाची पिवळ्या फुलांची फांदी बांधली. ती कडुनिंबाची जागा घेत नाही, हे मला माहीत आहे. पण इथे मार्चअखेर पानांआधी फुलणारं झुडूप ते, आणि मला ते चैत्राचंच वाटलं. प्रसादासाठी भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, जिरं आणि हिंग वाटून त्यात पूड घातली, चौघांत मिळून पाव चमचाच. पूड पाल्यापेक्षा फार कडू लागते.

सातच्या सुमारास सूर्य वर आला. ह्यांनी बांबू कठड्याला तीन ठिकाणी सुतळीने बांधला, मी हळदकुंकू वाहिलं. सासऱ्यांनी फोन सासूबाईंसमोर धरला होता. त्यांनी तिकडून हात जोडले आणि म्हणाल्या, "तांब्या जरा डावीकडे कललाय बघ." धाकटीने स्टुलावर चढून तो सरळ केला.

संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवली. दोन्ही मुली गाठीसाठी हात पसरून उभ्याच होत्या.