कपॅसिटर चार्जिंगची नोंदवही: रेझिस्टरमध्ये जाणारी निम्मी ऊर्जा मोजताना

बॅटरीने रेझिस्टरमधून कपॅसिटर चार्ज केला की बॅटरीने दिलेल्या ऊर्जेपैकी निम्मी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, हे आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. ती निम्मी ऊर्जा प्रत्यक्ष मोजून हातात यावी, एवढ्यासाठी गेले काही रविवार मी पुढील जुळणीवर काम करत आहे. ६ व्होल्टच्या दोन सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या एकसरीत जोडल्यावर १२.६ व्होल्ट मिळाले. त्यांना १ किलोओहमचा रेझिस्टर आणि १०,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोडला. मल्टिमीटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावला, शेजारी स्टॉपवॉच ठेवले आणि दोन्ही एकाच चौकटीत येतील असे फोनवर चित्रीकरण केले.

पहिल्या फेरीत दर ५ सेकंदांचे वाचन घेतले. प्रत्येक वाचनाचा वर्ग करून त्याला रेझिस्टन्सने भागले की त्या क्षणाची शक्ती मिळते. लागोपाठच्या दोन शक्तींची सरासरी काढून तिला ५ सेकंदांनी गुणले आणि सगळ्यांची बेरीज केली. उत्तर ०.८१ ज्यूल आले. कपॅसिटरवर छापलेल्या किमतीवरून अपेक्षा ०.७९ ज्यूलची होती, त्यामुळे प्रयोग जमला असे वाटून मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण पुन्हा पाहताना लक्षात आले की रेझिस्टरवरचे व्होल्टेज आरंभीच्या ३७ टक्क्यांवर, म्हणजे ४.६ व्होल्टवर, १० सेकंदांऐवजी सुमारे ९.४ सेकंदांतच आले होते. याचा अर्थ कपॅसिटर प्रत्यक्षात ९,४०० मायक्रोफॅरडचा होता. इलेक्ट्रोलिटिकमध्ये २० टक्क्यांपर्यंतचा फरक नेहमीचाच, पण त्यामुळे अपेक्षित उत्तर ०.७५ ज्यूलवर आले आणि माझी बेरीज सुमारे नऊ टक्के जास्त ठरली. दोष वाचनांमधल्या अंतराचा होता. शक्तीचा आलेख सुरुवातीला झपाट्याने खाली वळतो आणि दोन दूरच्या बिंदूंना जोडणारी सरळ रेषा त्या वक्राच्या वरून जाते. दर २ सेकंदांची वाचने घेऊन तीच बेरीज केल्यावर ०.७६ ज्यूल आले. पहिले उत्तर दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे जुळले होते.

आता निम्मीच का, याकडे येतो. बॅटरीतून निघणारा प्रत्येक कूलोम १२.६ ज्यूल घेऊन निघतो, मग तो पहिला असो वा शेवटचा. कपॅसिटर रिकामा असताना मात्र पहिल्या भाराला तिथे साठण्यासाठी जवळजवळ काहीच ऊर्जा लागत नाही, त्यामुळे त्याची बहुतेक सगळी ऊर्जा वाटेत रेझिस्टरमध्ये खर्च होते. शेवटच्या भाराला कपॅसिटर जवळजवळ भरलेला मिळतो आणि त्याची ऊर्जा साठते. कपॅसिटरचे व्होल्टेज भाराच्या प्रमाणात सरळ रेषेत वाढत असल्याने सरासरीने १२.६ पैकी ६.३ ज्यूल साठतात आणि ६.३ वाटेत जातात. गणितात मांडायचे तर:

```
E = ∫ (V − v) · C dv = ½ C V²   (v: 0 → V)
```

या ओळीत R कुठेच उरत नाही, आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट. रेझिस्टन्स दहापट केला की प्रवाह दशांश होतो, पण वेळ दहापट लागतो. १० किलोओहम लावून दर २० सेकंदांनी वाचने घेतली, तेव्हाही बेरीज ०.७६ ज्यूलच आली. या फेरीत शेवटी रेझिस्टरवरचे व्होल्टेज शून्यावर न जाता ०.१५ व्होल्टवर अडकले. ती कपॅसिटरमधली १५ मायक्रोअ‍ॅम्पिअरची गळती आहे. रेझिस्टरच्या बेरजेवर तिचा परिणाम नगण्य असला, तरी बॅटरीच्या बाजूने हिशेब करणाऱ्याने ती जरूर वजा करावी.

‘नेहमी निम्मी’ या विधानाला दोन अटी आहेत: कपॅसिटर पूर्ण रिकामा हवा आणि समोरचे व्होल्टेज स्थिर हवे. दुसरी अट मोडून पाहण्यासाठी मी आधी दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून ६.३ व्होल्ट दिले, वाचन स्थिरावल्यावर तार १२.६ व्होल्टवर नेली आणि दोन्ही टप्प्यांची वाचने दर २ सेकंदांनी घेतली. रेझिस्टरमध्ये दोन्ही टप्प्यांत मिळून ०.३८ ज्यूल गेले. कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा मात्र तेवढीच राहिली, कारण शेवटचे व्होल्टेज तेच होते. बॅटरीकडून या वेळी १.४९ ऐवजी सुमारे १.१२ ज्यूलच घेतले गेले, कारण निम्मा भार ६.३ व्होल्टवरूनच आला.

पुढच्या फेरीसाठी आठ पेन्सिल सेल एकसरीत लावून प्रत्येक जोडावरून एक तार काढली आहे. आठ समान टप्प्यांत तोटा ०.०९ ज्यूलच्या आसपास यायला हवा. प्रत्येक टप्प्याला निदान ५० सेकंद देणार आहे, कारण टप्पा अपुरा राहिला तर उरलेला फरक पुढच्या टप्प्यात मिसळतो आणि तोटा वाढतो.